पारा ७६ सेंटिमीटरवरच का थांबतो?

एका टोकाला बंद असलेली मीटरभर लांब काचेची नळी पाऱ्याने काठोकाठ भरायची, तोंड दाबून उलटी करायची आणि पाऱ्याच्याच भांड्यात बुडवून तोंड मोकळं करायचं. फ्लोरेन्समध्ये टोरिचेलीने सुचवलेला हा प्रयोग. पारा थोडा खाली उतरतो आणि भांड्यातल्या पातळीपासून सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवर थांबतो. वर उरते पोकळी. ही पोकळी पाऱ्याला ओढून धरते, असं वाटणं साहजिक आहे. पण तिथे ओढायला काहीच नाही. भांड्यातल्या उघड्या पाऱ्यावर हवा दाब देते, तोच नळीतल्या पाऱ्याला खालून तोलून धरतो.

नळीचं छिद्र एक चौरस सेंटिमीटर धरू. ७६ सेंटिमीटर उंचीच्या त्या स्तंभात ७६ घनसेंटिमीटर पारा असतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणजे वजन झालं साधारण १ किलो ३४ ग्रॅम. समुद्रसपाटीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर हवेचा भार तेवढाच असतो. नळी दुप्पट रुंद घेतली तर पारा चौपट, पण त्याला तोलणारं क्षेत्रफळही चौपट, म्हणून उंची तीच राहते. नळी तिरकी केली तर पारा नळीत पुढे सरकतो, पण उभी उंची मोजली की पुन्हा ७६. पाऱ्याऐवजी पाणी वापरलं तर हाच स्तंभ १०.३ मीटर, म्हणजे जवळपास तीन मजले उंच होईल.

वरच्या पोकळीत हवेचा बुडबुडा शिरला की सगळं बिघडतं. ती हवा पाऱ्याला खाली ढकलते आणि दाब खरा असतो त्याहून कमी दिसतो. तपासायचं तर नळी हळूच तिरकी करायची. पोकळी स्वच्छ असेल तर पारा टोकापर्यंत पोचून काचेवर टक्कन आपटतो. हवा असेल तर टोकाला बुडबुडा उरतो आणि तो आवाज येत नाही.

मुंबईत दाब जानेवारीपेक्षा जुलैमध्ये साधारण दहा हेक्टोपास्कलने कमी असतो. पाऱ्याच्या भाषेत हा फरक सात-आठ मिलिमीटरचा. ऐन पावसाळ्यात पारा खाली असतो तो यामुळे. पण एवढासा फरक वाचायचा तर मुंबईचा उकाडाही हिशेबात घ्यावा लागतो. ७६ सेंटिमीटर ही उंची शून्य अंशावरच्या पाऱ्यासाठी आहे. तीस अंशांना पारा प्रसरण पावून हलका होतो आणि तोच दाब दाखवायला सुमारे चार मिलिमीटर जास्त चढतो. ही दुरुस्ती वजा केली नाही, तर पावसाळ्याने घडवलेल्या फरकाच्या निम्म्याएवढी चूक मोजपट्टीवर राहते. मजल्याचाही फरक पडतो. परळच्या एखाद्या टॉवरमध्ये नव्वद मीटर उंचीवर तीच नळी नेली, तर डोक्यावरची हवा तेवढी कमी झाल्यामुळे पारा आठ मिलिमीटर खाली येतो, म्हणजे जानेवारी ते जुलैच्या फरकाइतका. म्हणूनच वेधशाळा आपलं वाचन जाहीर करण्याआधी ते समुद्रसपाटीच्या दाबात बदलून घेतात.