गाळाची रेघ आणि पुसलेली स्कूटर

२५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून मुठेत पाणी सोडलं गेलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. असं पाणी ओसरलं की भिंतींवर आणि गाड्यांच्या दारांवर गाळाची आडवी रेघ राहते. विमा कंपनीचा सर्व्हेअर आधी तीच बघतो. पाणी कार्पेटपर्यंत होतं, सीटपर्यंत की डॅशबोर्डपर्यंत, यावरून कुठले भाग खरोखर भिजले असतील हे ठरतं आणि क्लेमची रक्कमही त्यावर अवलंबून असते.

आता समजा, अशाच एका पार्किंगमध्ये उतारावर, नाक खाली करून उभी असलेली एक गाडी आहे. क्लेमसाठी मोबाइलवर काढलेल्या तिच्या फोटोत मागच्या दारासमोर शेजाऱ्यांची स्कूटर आडवी आली आहे. "आमचा नंबर कशाला तुमच्या कागदात?" असं शेजारी म्हणतात, म्हणून घरातलं कुणीतरी मोबाइलवर बोट फिरवून फोटोतली स्कूटर पुसून टाकतं. यात फसवण्याचा हेतू अजिबात नाही. पण स्कूटरमागे काय होतं, हे कॅमेऱ्याने कधी पाहिलेलंच नाही. मोबाइल आजूबाजूचा पत्रा, रंग आणि गाळ बघून ती जागा अंदाजाने भरतो. दारावरची रेघही तोच काढतो, आणि बहुधा दाराच्या पट्टीला समांतर काढतो.

पाणी मात्र सपाटीतच उभं राहतं. गाडी तिरकी असली तर खरी रेघ पुढे डॅशबोर्डपर्यंत आणि मागे सीटच्याही खाली असायला हवी. भिंतीवरची रेघ सपाट आणि दारावरची गाडीबरोबर तिरकी, हे सर्व्हेअरला डोळ्यांनीच दिसतं. त्यानंतर त्या फोटोतल्या खऱ्या नुकसानीवरही त्याचा भरवसा राहत नाही. खोटी माहिती दिली म्हणून क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं ते वेगळंच.

डोळ्यांना न दिसणाऱ्या खुणाही राहतात. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचे लाखो बिंदू प्रकाशाला अगदी सारखा प्रतिसाद देत नाहीत. काही किंचित जास्त संवेदनशील असतात, काही कमी. त्यामुळे त्या सेन्सरच्या प्रत्येक फोटोवर एकच अतिशय पुसट नक्षी उमटते. त्याच मोबाइलचे बरेच फोटो घेऊन न्यायवैद्यक तज्ज्ञ ती नक्षी वेगळी काढतात आणि वादातल्या फोटोशी ताडून बघतात. भरलेल्या जागेचा प्रकाश सेन्सरवर पडलेलाच नसतो, म्हणून तिथे नक्षी तुटते. या पद्धतीला मर्यादा आहेत. व्हॉट्सॲपवर फोटो साध्या पद्धतीने पाठवला की तो आकसतो, पुन्हा दाबला जातो आणि नक्षी विरळ होते. मग फेरफार सिद्ध करणं अवघड होतं, आणि गंमत म्हणजे फोटो अस्सल आहे हे सिद्ध करणंही तितकंच अवघड होतं.

मग चालतं काय? पार्किंगमधला फोटो काळपट आला असेल तर प्रतीवर संपूर्ण चित्राचा उजेड वाढवायला हरकत नाही. इथे सगळ्या बिंदूंना एकच नियम लागतो. जो बिंदू शेजारच्या बिंदूपेक्षा उजळ होता तो उजळच राहतो, आणि मूळ फोटोवर तीच कृती करून कुणीही तेच चित्र मिळवू शकतो. मात्र उजेड इतका वाढवू नये की पांढऱ्या भिंतीवरचा गाळच दिसेनासा होईल. तिरका फोटो सरळ करणं, कडा कापणं हेही चालतं, पण मूळ फाइल हातात हवी आणि काय केलं ते लिहून ठेवायला हवं. शेजाऱ्यांचा नंबर झाकायचाच असेल तर प्रतीवर ठळक काळी पट्टी मारावी. पट्टी सांगते की इथे काहीतरी झाकलं आहे. भरलेली जागा मात्र काहीच झाकलं नसल्याचा आव आणते. अस्पष्ट नंबर प्लेट 'स्पष्ट' करून देणारी ॲप्स तर दूरच ठेवावीत, कारण ती आकडे वाचत नाहीत, रचतात.

प्रकरण कोर्टात गेलं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेला भारतीय साक्ष्य अधिनियम लागतो. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. हे मूल्य म्हणजे फाइलच्या सगळ्या बिट्सवरून गणिताने काढलेला आकडे-अक्षरांचा ठरावीक लांबीचा ठसा. एक बिट बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. उजेड वाढवलेल्या प्रतीचा ठसाही वेगळाच येणार, म्हणून प्रमाणपत्र मूळ फाइलचं करावं आणि प्रत सोबत जोडावी. मूळ फाइल पाठवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली की ती दाबली जात नाही.

आणि स्कूटरचं म्हणाल, तर पहिला फोटो आहे तसा काढावा, मग शेजाऱ्यांना ती बाजूला घ्यायला सांगून दुसरा काढावा आणि दोन्ही सर्व्हेअरला द्यावेत.