४७ टाइल्सचं गणित

द्विमितीय गेम बनवण्याचे व्हिडिओ पाहिले असतील, तर एक दृश्य ओळखीचं असेल. एडिटरमध्ये कुणीतरी माऊस दाबून ओढत जातं आणि मागोमाग गवताळ बेट उमटत जातं. कडा गोलाकार, कोपरे नीट जुळलेले, कुठे सांधा म्हणून दिसत नाही. खाली हमखास प्रतिक्रिया येते, की कॉम्प्युटर आता चित्रंही काढायला लागला. जाहिरातींनाही ‘एका क्लिकमध्ये लेव्हल तयार’ असं म्हणायला फार आवडतं. प्रत्यक्षात कॉम्प्युटर तिथे एक रेषही काढत नाही. सगळी चित्रं कुणीतरी आधीच काढून ठेवलेली असतात. कॉम्प्युटर फक्त बेरीज करतो. ती बेरीज मात्र फार सुंदर आहे.

लेव्हल म्हणजे चौकटींचा एक तक्ता, ज्याला टाइलमॅप म्हणतात. प्रत्येक चौकटीत एक छोटं चित्र बसतं, बहुतेकदा १६ किंवा ३२ पिक्सेल रुंदीचं. हीच टाइल. हाताने लेव्हल रचताना वरची कड, डावी कड, कोपरा अशा टाइल्स एकेक निवडून लावाव्या लागतात, आणि बेट एका चौकटीने वाढवायचं ठरलं की आजूबाजूच्या कडा पुन्हा बदलाव्या लागतात. ऑटोटाइलिंगमध्ये आपण फक्त ‘इथे गवत आहे’ एवढंच सांगतो. कोणती टाइल लावायची, हे एडिटर शेजाऱ्यांकडे पाहून ठरवतो.

शेजारी पाहायचे दोन प्रकार आहेत. फक्त वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे पाहिलं, तर प्रत्येक दिशेला गवत आहे किंवा नाही अशा दोन शक्यता, म्हणून एकूण २ × २ × २ × २ = १६. सोळा टाइल्स काढल्या की काम भागतं, निदान तसं वाटतं. मग तुम्ही इंग्रजी L अक्षराच्या आकाराचं जाड बेट काढता आणि त्याच्या आतल्या कोपऱ्यावर किनारा तुटलेला दिसतो. तिथल्या चौकटीच्या चारही बाजूंना गवत आहे, म्हणून एडिटरने तिला ‘मधली’ समजून सपाट हिरवी टाइल लावली. तिरप्या दिशेला पाणी आहे, हे तिला कुणी विचारलंच नाही.

म्हणून तिरपे चार शेजारीही मोजायचे. आता शेजारी आठ, म्हणजे शक्यता २५६. एवढ्या टाइल्स कोण काढणार? इथे माझा आवडता भाग सुरू होतो.

आठ दिशांना आठ किमती देऊ. प्रत्येक किंमत आधीच्या दुप्पट आहे, त्यामुळे बेरजेवरून कोणकोणते शेजारी भरलेले आहेत हे नेमकं ओळखता येतं.

```
  1    2    4
  8    X   16
 32   64  128
```

आता हा नकाशा पाहा. `#` म्हणजे गवत, `.` म्हणजे पाणी.

```
. . . . .
. # # # .
. # # . .
. . # . .
```

वरून तिसऱ्या ओळीतली, डावीकडून तिसरी चौकट घ्या. तिच्या वर गवत आहे (२), डावीकडे आहे (८), खाली आहे (६४). वरच्या डाव्या कोपऱ्यात आहे (१) आणि वरच्या उजव्या कोपऱ्यातही आहे (४). बेरीज ७९.

पण त्या उजव्या कोपऱ्यातल्या गवताचा आपल्या चौकटीच्या चित्रावर काही परिणाम होतो का? आपल्या उजवीकडे पाणी आहे, म्हणजे उजवी कड वरपासून खालपर्यंत किनाऱ्याचीच काढायची आहे. पलीकडच्या कोपऱ्यात काहीही असो, इथलं चित्र बदलत नाही. यातून नियम निघतो: कोपरा तेव्हाच मोजायचा, जेव्हा त्याला लागून असलेल्या दोन्ही बाजू भरलेल्या असतील. वरचा उजवा कोपरा या नियमाने बाद, म्हणून ४ वजा. उरले ७५. या क्रमांकाच्या टाइलला उजवीकडे सरळ किनारा असतो आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात पाण्याची छोटी खाच. तो खालचा डावा कोपरा भरला, की ३२ मिळून १०७ होतात, खाच जाते आणि उजवा किनारा तसाच राहतो. एक चौकट रंगवली की एडिटरला ती स्वतः आणि आठ शेजारी अशा नऊच चौकटींची बेरीज पुन्हा करावी लागते. ओढता ओढता कडा बदलतात त्या यामुळे.

आता मोजू. चारही बाजू भरल्या असतील तर चारही कोपरे महत्त्वाचे, म्हणून १६ टाइल्स. तीन बाजू भरण्याचे ४ प्रकार, प्रत्येकात दोन कोपरे मोजायचे, म्हणून ४ × ४ = १६. लगतच्या दोन बाजूंचे ४ प्रकार, प्रत्येकी एकच कोपरा, म्हणून ८. समोरासमोरच्या दोन बाजू असतील तर एकही कोपरा मोजायचा नाही, तिथे २. एकच बाजू भरली असेल तर ४, आणि एकटी चौकट १. एकूण ४७. गेमच्या टाइलसेटमध्ये हा चमत्कारिक आकडा दिसतो, तो असा येतो. (इथपर्यंत दम लागला असेल, तर ही बेरीज कागदावर एकदा करून पाहा, डोळ्यांनी वाचून ती पटत नाही.)

गोडो या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हा प्रकार `Match Corners and Sides` या नावाने निवडता येतो. युनिटी या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या `Rule Tile` मध्ये तीच माहिती प्रत्येक टाइलसाठी तीन बाय तीनच्या चौकटीत खुणा करून भरायची असते. ४७ पैकी एखादी टाइल राहून गेली, तर काही एडिटर तक्रार न करता जवळपास जुळणारी दुसरी टाइल लावून मोकळे होतात. चूक पकडायला एकटी चौकट, एका चौकटीच्या रुंदीची रेघ, अधिकचं चिन्ह आणि मध्ये भोक असलेला चौकोन एवढं काढून पाहावं. नकाशाच्या अगदी कडेला नको तिथे किनारा उमटत असेल, तर एडिटर नकाशाबाहेरच्या जागेला रिकामी धरतो आहे. अशा वेळी गवत कडेच्या एक चौकट बाहेरपर्यंत रंगवायचं.

हे सगळं झालं गवत आणि पाणी या दोघांचं. मध्ये वाळू आली की गणित बिघडतं. फक्त चार कोपऱ्यांवर चालणारी साधी पद्धत घेतली, तरी प्रत्येक कोपऱ्यात तीनपैकी काहीही असू शकतं, म्हणजे ३ × ३ × ३ × ३ = ८१ टाइल्स. इथे लेयर कामी येतात. सर्वांत खाली पाण्याचा लेयर, तिथे एकच टाइल. त्यावर वाळूचा, त्यावर गवताचा. दोन्हींच्या कडांबाहेरचा भाग पारदर्शक ठेवायचा. प्रत्येक लेयर फक्त स्वतःपुरतं ‘आहे की नाही’ विचारतो, म्हणून चार कोपऱ्यांच्या सोळा शक्यतांपैकी रिकामी सोडून पंधरा-पंधरा टाइल्स. एकूण ३१.

यात एक गोम आहे. गवत जिथे असेल, तिथे खाली वाळूही रंगवलेली हवी. नवशिके ‘गवताखाली वाळू कशाला, दिसणार थोडीच’ म्हणून ती जागा रिकामी सोडतात. वाळूच्या लेयरला गवताचा पत्ताच नसतो. त्याच्या बेरजेत ती चौकट पाण्याचीच ठरते, मग तो इमानाने तिथे किनारा काढतो, आणि गवत आणि वाळू यांच्यामध्ये निळी रेघ चमकायला लागते. अशी रेघ दिसली की टाइल्सची चित्रं तपासत बसू नका. गवताचा लेयर क्षणभर लपवा. खाली वाळूत भोक पडलेलं दिसेल.