वस्तू नकली निघाली? बँकेच्या अर्जात ‘बनावट’वर खूण करण्याआधी

ऑनलाइन मागवलेली वस्तू वर्णनापेक्षा वेगळी आली, विक्रेता दाद देईना, प्लॅटफॉर्मनेही हात वर केले, तरी पैसे कार्डाने भरले असतील तर एक दार उघडं असतं. आपल्याच बँकेकडे अर्ज करून तो व्यवहार उलटवून घेता येतो. याला चार्जबॅक म्हणतात. क्रेडिट आणि डेबिट, दोन्ही कार्डांना तो लागू आहे. त्याचे मूळ नियम व्हिसा, मास्टरकार्ड यांसारखी कार्ड नेटवर्क ठरवतात, त्यामुळे बँक कुठलीही असली तरी गाभा तोच राहतो. रोख किंवा खात्यातून थेट पैसे पाठवले असतील तर मात्र हा मार्ग नाही. आधी कार्डाने वॉलेट भरलं आणि मग वॉलेटमधून खरेदी केली, तर अनेकदा बँक म्हणते की वॉलेट भरलं गेलं, तुमची सेवा तुम्हाला मिळाली, विषय संपला.

ओळखीतल्या लोकांचे असे अर्ज मी बरेच भरून दिले आहेत आणि नाकारले गेलेले त्याहून जास्त वाचले आहेत. त्यात फसवणूक बहुतेक वेळा खरीच असते. चुकतो तो फॉर्मवरचा एक चौकोन.

फॉर्मवर तक्रारीचं कारण निवडायला सांगतात. संतापलेला माणूस पहिल्यांदा ‘फसवणूक’ या शब्दावर बोट ठेवतो. बँकेच्या भाषेत त्या चौकोनाचा अर्थ ‘हा व्यवहार मी केलाच नाही, माझं कार्ड दुसऱ्याने वापरलं’ असा आहे. तिथे खूण केली की कार्ड बंद होतं, नवं यायला दिवस जातात आणि चौकशीत ओटीपी तुम्हीच टाकला होता हे निघालं की अर्ज फेटाळला जातो. ऑर्डर तुम्ही दिली असेल तर त्या चौकोनाकडे बघूही नका.

उरतात दोन कारणं, ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही किंवा सदोष’ आणि ‘बनावट वस्तू’. व्हिसाच्या यादीत पहिल्याचा क्रमांक 13.3 आणि दुसऱ्याचा 13.4. मास्टरकार्डात दोन्ही 4853 खालीच येतात. नकली माल हातात असताना माणूस साहजिकच ‘बनावट’ निवडतो, आणि तिथेच त्याच्याकडे असा एक कागद मागितला जातो जो जवळजवळ कोणाकडेच नसतो. व्हिसाच्या नियमाप्रमाणे वस्तू बनावट असल्याचं तुम्हाला कोणीतरी अधिकाराने कळवलेलं असावं लागतं: मूळ कंपनी किंवा तिचा अधिकृत प्रतिनिधी, सीमाशुल्क किंवा अन्य सरकारी यंत्रणा, पोलीस, नाहीतर तटस्थ तज्ज्ञ. ‘शिलाई वेडीवाकडी आहे’, ‘लोगो जरा फिका आहे’ हे तुमचं मत झालं, आणि मताला इथे किंमत नाही.

कंपनीकडून असं पत्र मिळवणं हा एक वेगळाच वनवास आहे. ‘आमच्या अधिकृत विक्रेत्याकडून न घेतलेल्या वस्तूबद्दल आम्ही मत देत नाही’ हे ठरलेलं उत्तर येतं. म्हणून पत्र मागूच नका. वस्तूवरचा अनुक्रमांक लिहून ‘हा तुमच्या नोंदीत आहे का?’ एवढाच प्रश्न ईमेलने विचारा. ‘नाही’ असं एका ओळीचं उत्तर आलं तरी ते कामाचं. सेवा केंद्रात वस्तू दुरुस्तीला द्यायचा प्रयत्न केला आणि त्यांनी ‘आमचं उत्पादन नाही’ म्हणून परत केली, तर ते वाक्य त्यांच्या जॉबशीटवर लिहून घ्या. तोंडी बोलणं बँकेत चालत नाही.

पण यापेक्षा सोपी वाट बहुतेकांना सुचत नाही. वस्तू नकली आहे हे सिद्ध करण्याऐवजी ती वर्णनाप्रमाणे नाही, एवढंच सिद्ध करा. नकली वस्तूत वर्णनाशी न जुळणारं, मोजता येण्यासारखं काहीतरी जवळजवळ नेहमीच सापडतं.

एका ओळखीच्या बाईंचं प्रकरण सांगते. त्यांनी नावाजलेल्या ब्रँडचं ५१२ जीबीचं मेमरी कार्ड मागवलं. ३ मार्चला ते मिळालं आणि फोनमध्ये टाकल्यावर नीट चाललं. एप्रिलमध्ये फोटो उघडेनासे झाले. लघुचित्र दिसायचं, पण आत करडा चौकोन. अशा कार्डात चिप लहान असते आणि तिच्या कंट्रोलरला मोठा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. पहिल्या काही जीबीपर्यंत सगळं सुरळीत चालतं. त्यानंतर लिहिलेलं एक तर हवेत जातं किंवा जुन्यावरच लिहिलं जातं. म्हणूनच चोरी उघडी पडेपर्यंत प्लॅटफॉर्मची परतीची मुदत उलटून गेलेली असते.

बाईंनी पहिला अर्ज स्वतः भरला. कारण ‘बनावट’, जोडलेले पुरावे म्हणजे खोक्याचे चार फोटो आणि ‘संगणकात ५१२ ऐवजी ४७६ जीबी दिसतात’ असं वाक्य. तो परत आला, आणि यायलाच हवा होता. अस्सल कार्डसुद्धा विंडोजमध्ये ४७६ च्या आसपासच दिसतं, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. असं एक चुकीचं वाक्य अर्जात असलं की बाकीच्या खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो.

दुसऱ्या खेपेला कार्ड रिकामं केलं (वाचतील ते फोटो आधी काढून घेतले) आणि H2testw हा मोफत प्रोग्राम चालवला. तो सगळ्या जागेत ओळखीचा डेटा लिहितो आणि परत वाचून ताडून पाहतो. लिनक्स किंवा मॅक असेल तर हेच काम f3 करतं:

```
f3write /media/card
f3read /media/card
```

एवढं मोठं कार्ड सेकंदाला २० एमबीच्या वेगाने लिहायलाच सहा-सात तास जातात, तेव्हा रात्री लावून झोपा. सकाळी H2testw च्या पडद्यावर होतं:

```
The media is likely to be defective.
29.3 GByte OK
447.4 GByte DATA LOST
```

अर्जात मग इतकंच लिहिलं: ‘वर्णनात क्षमता ५१२ जीबी. प्रत्यक्ष चाचणीत २९.३ जीबीच वापरण्याजोगी, उरलेल्या जागेत डेटा टिकत नाही. चाचणीचा स्क्रीनशॉट जोडला आहे.’ त्यात ‘नकली’ हा शब्द कुठेच नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती. चामड्याऐवजी रेक्झिन, सुतीऐवजी पॉलिस्टर, वेगळं मॉडेल, कमी वजन, या सगळ्यांना हीच रीत लावता येते. एका बाजूला वर्णनातलं वाक्य आणि दुसऱ्या बाजूला मोजमाप ठेवायचं.

आता ते वर्णनातलं वाक्य शोधायला जाल तर सापडत नाही. तक्रारी वाढल्या की विक्रेता पान बदलतो किंवा काढूनच टाकतो, आणि ऑर्डरच्या ईमेलमध्ये अर्धवट शीर्षक तेवढं उरतं. म्हणून शंका आल्या क्षणी, विक्रेत्याला पहिला संदेश पाठवण्याच्याही आधी, ते पान पीडीएफ करून ठेवा. पान गेलंच असेल तर ‘माझ्या ऑर्डर’मधला तपशील, बिलावरचा मजकूर आणि विक्रेत्याशी झालेलं चॅट बघा. ‘कार्ड ५१२ जीबीचंच आहे, मॅडम, फॉरमॅट करून बघा’ असं विक्रेत्याने चॅटवर लिहिलेलं बाईंना सापडलं. वर्णनाचा पुरावा त्याने स्वतःच दिला होता.

पुढची अडचण वस्तू परत करण्याची. वर्णनाशी न जुळणाऱ्या वस्तूसाठी व्हिसाची अट आहे की तुम्ही ती परत केलेली असावी किंवा तसा प्रयत्न तरी केलेला असावा, आणि परत केल्यावर बँक साधारण १५ दिवस थांबते, विक्रेता स्वतःहून पैसे देतो का ते पाहायला. ही अट फॉर्मवर बारीक अक्षरात असते, काही फॉर्मवर नसतेच, आणि मग ‘कागदपत्रं अपूर्ण’ असा शेरा येतो. कोणता कागद, ते मात्र कोणी लिहीत नाही! वस्तू पाठवाल तर विक्रेत्याने लेखी दिलेल्या पत्त्यावरच आणि ट्रॅकिंग मिळेल अशाच सेवेने पाठवा. तो पत्ता देत नसेल तर तारखेसह लिहा, ‘वस्तू परत करायला तयार आहे, पत्ता कळवा’, आणि त्याचं मौन किंवा नकार पुराव्याला जोडा. ‘बनावट’ या कारणाखाली परतीची ही अट नसते, पण तिथे तो दुर्मीळ कागद लागतो. म्हणून दोन्ही वाटा मिसळू नका.

मुदतीबद्दलचा गैरसमज सर्वात महाग पडतो. प्लॅटफॉर्मची दहा-पंधरा दिवसांची परतीची मुदत संपली की लोक सगळंच संपलं असं धरून गप्प बसतात. कार्ड नेटवर्कची मुदत वेगळी आहे. अशा तक्रारीला साधारणपणे वस्तू हातात पडल्यापासून १२० दिवस मिळतात. उलट काहींना १२० दिवस आहेत हे माहीत असतं आणि ते ११८ व्या दिवशी बँकेत येतात. पण नेटवर्क तुमचा अर्ज मोजत नाही, बँकेने पुढे दाखल केलेलं प्रकरण मोजतं, आणि बँकेला कागद तपासायला वेळ लागतो. विक्रेत्याच्या ‘दोन दिवसांत बघतो’ या उत्तरांनी घड्याळ थांबत नाही. बाईंचे १२० दिवस १ जुलैला संपत होते. मेमरी कार्ड २५ एप्रिलला विक्रेत्याकडे रवाना झालं, २ मेला पोचल्याची नोंद आली, तिथून १५ दिवस म्हणजे १७ मे. १८ तारखेला अर्ज बँकेत होता.

पेपालने पैसे दिले असतील तर तिथे वेगळी तक्रार होते, पैसे दिल्यापासून १८० दिवसांच्या आत. तिथला सापळा असा की तक्रार उघडल्यावर २० दिवसांत ती ‘क्लेम’मध्ये वाढवली नाही तर आपोआप बंद होते, आणि बंद झालेली पुन्हा उघडत नाही. ‘तक्रार मागे घ्या, लगेच पैसे देतो’ असा विक्रेत्याचा गोड निरोप येतो तो यासाठीच. आधी पैसे येऊ द्या. ‘वीस टक्के घ्या आणि वस्तू ठेवा’ यालाही हो म्हणू नका, तुम्ही तडजोड केली असं तो पुढे दाखवतो.

अर्ज गेल्यावर काही बँका रक्कम तात्पुरती जमा करतात. ती खर्चू नका. विक्रेता उत्तर देऊ शकतो आणि बहुधा ‘माल पोचला’ याची पावती जोडतो. मग बँकेकडून मोजक्या दिवसांची मुदत देणारा ईमेल येतो आणि तो हमखास स्पॅममध्ये पडतो. बाईंच्या बाबतीत असंच झालं. रोज स्पॅम तपासायला सांगितलं होतं म्हणून वेळेत सापडला. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं: माल पोचला हे मान्यच आहे, वाद क्षमतेचा आहे, चाचणी पुन्हा जोडत आहे. पुढच्या महिन्यात जमा रक्कम कायम झाली. परतीचा टपालखर्च तेवढा त्यांच्या पदरचा गेला. तो या अर्जात मागता येत नाही.