रेशनकार्डावरची माणसं आणि मयताचे वारस

वारस दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र लिहिताना नवरा गेलेली बाई बहुधा रेशनकार्ड समोर ठेवते, आणि घोटाळा तिथेच होतो. रेशनकार्डावर एका चुलीवर जेवणारी माणसं असतात. वारस कोण, हे हिंदूंच्या बाबतीत हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ ठरवतो. लिंगायत, बौद्ध आणि जैन कुटुंबांनाही तोच लागू आहे. मुस्लिम कुटुंबात हिशेब वेगळा, तिथे मयताचे वडीलही वारस असतात.

समजा, सोलापुरातला एक यंत्रमाग कामगार मृत्युपत्र न करता वारला. कार्डावर सासरे, सासू, बायको, दोन मुलगे आणि धाकटा दीर. मुलगी लग्न होऊन अक्कलकोटला गेली, तिचं नाव कधीच कमी झालं. कार्ड पाहून यादी उतरवली तर सासरे आणि दीर आत येतात, मुलगी बाहेर राहते. कायद्याने नेमकं उलटं आहे. पहिल्या वर्गातले वारस म्हणजे बायको, आई, दोन मुलगे आणि मुलगी. त्याच्या स्वतःच्या मिळकतीत पाचही जणांना सारखा, एक पंचमांश हिस्सा. वडील दुसऱ्या वर्गात असल्याने पहिल्या वर्गातलं एकही माणूस हयात असेल तर त्यांना काही मिळत नाही.

मुलीचं नाव माहेरचं आणि सासरचं, दोन्ही लिहावं. तिला हक्क सोडायचाच असेल तर हक्कसोडपत्र नंतर करता येतं, पण म्हणून यादीतून नाव गाळता येत नाही. मुलगा अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेला असेल तर वयासह त्याचं नाव आणि पुढे ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई, असं लिहावं.

नात्याच्या रकान्यात हमखास एक चूक होते. प्रतिज्ञापत्र बाई करते, म्हणून ती ‘सासू’ लिहून मोकळी होते. पण रकाना असतो मयताशी नात्याचा, तिथे ‘आई’ हवं. ‘सासू’ वाचून वाटतं की ही वारस नाही, आणि एक हिस्सेदारीण कागदावरून गायब होते.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी लोकांच्या ध्यानात येते. वारस पाहायचे ते मृत्यूच्या दिवशी हयात असलेले, अर्जाच्या दिवशीचे नव्हेत. मुलाच्या मागे काही महिन्यांनी सासूही गेली, तर तिचं नाव मृत्यूच्या तारखेसह यादीत राहतंच, कारण तिचा पंचमांश तिला मिळून चुकलेला असतो. तो आता तिच्या वारसांकडे जातो, म्हणजे सासऱ्यांकडे, दिराकडे आणि वारलेल्या मुलाच्या तीन लेकरांकडे. तेव्हा मघाशी बाहेर ठेवलेले सासरे आणि दीर या वाटेने आत येतात. सुनेला मात्र सासूच्या त्या हिश्श्यातून काही मिळत नाही. म्हणून अशा घरात सासूच्या वारसांची यादी स्वतंत्र परिच्छेदात द्यावी, मुलाच्या वारसांत मिसळू नये.