रिकामी सीट स्वस्त कधी होते?

वणी, पुसद, दिग्रस, दर्यापूर अशा गावांतून संध्याकाळी पुण्याकडे ट्रॅव्हल्स निघतात. दुपारी बुकिंगवाल्याला भाडं विचारलं की तो हजार सांगतो आणि वर म्हणतो, "चार वाजता फोन करजो भाऊ, गाडी खाली राह्यली तं पाहू." ह्या "पाहू"मध्ये संभाव्यतेचं एक अस्सल गणित दडलेलं आहे. ते १९७२ साली केन लिटलवूड यांनी मांडलं. ते ब्रिटनच्या बीओएसी या विमान कंपनीत काम करत होते. आजही जगभरच्या विमान कंपन्यांच्या भाडेपद्धतीचा पाया तोच नियम आहे. आपल्या बुकिंगवाल्याला लिटलवूडचं नाव माहीत असण्याचं कारण नाही, पण रोज संध्याकाळी तो वागतो मात्र त्याच नियमाने.

मुळात सीट हा माल विचित्र आहे. भाव पडला तर शेतकरी कापूस घरात भरून ठेवू शकतो, चार महिने थांबू शकतो. सहाची गाडी सुटली की तिच्यातल्या रिकाम्या सीटची किंमत सहा वाजून एक मिनिटाला शून्य होते. डिझेल, टोल, दोन ड्रायव्हर, क्लीनर हा सगळा खर्च गाडी भरो न भरो, होणारच असतो. एक जादा प्रवासी बसल्याने त्यात जवळपास काहीच भर पडत नाही. मग प्रश्न पडतो की मालक शेवटच्या क्षणी सगळ्या सीटा मिळेल त्या भावात का फुंकून टाकत नाही?

उत्तर एका उदाहरणात पाहू. आकडे मी सोयीसाठी धरले आहेत. तीस बर्थची स्लीपर गाडी सहाला सुटणार आहे, चार वाजलेत आणि पाच बर्थ रिकामे आहेत. पूर्ण भाडं १००० रुपये. समोर एक जण उभा आहे, तो ६०० द्यायला तयार आहे. त्याला बर्थ द्यायचा, की सुटायच्या वेळी धावत येणाऱ्या हजारवाल्यासाठी राखून ठेवायचा? लिटलवूड सांगतो, ६०० हे हजाराच्या ६० टक्के. म्हणजे तो बर्थ पुढे पूर्ण भाड्यात जाण्याची शक्यता ६० टक्क्यांहून जास्त असेल तर राखा, कमी असेल तर देऊन टाका.

गंमत अशी की ही शक्यता पाचही बर्थांना सारखी नसते. रोजच्या अनुभवावरून असं दिसतं समजा, की चारनंतर पूर्ण भाडं देणारा निदान एक प्रवासी येण्याची शक्यता ९५ टक्के आहे. निदान दोन येण्याची ८०, तीन येण्याची ५५, चार येण्याची ३० आणि पाचही येण्याची जेमतेम १० टक्के. म्हणून दोन बर्थ राखायचे आणि उरलेले तीन सहाशेला सोडायचे. ते तीन गेले की चौथ्या माणसाला पुन्हा हजारच सांगितले जातात. तो वैतागतो, "आत्ता तर सहाशे होते!" त्याला वाटतं बुकिंगवाला माणूस पाहून भाव सांगतो. तसंही होतं कधीकधी, पण इथे भाव वर गेला तो उरलेल्या दोन बर्थांचा गिऱ्हाईक अजून यायची आशा असल्यामुळे.

पाच वाजतात. ते दोन बर्थ अजून तसेच आहेत, पण आता एका तासात निदान एक प्रवासी येण्याची शक्यता ७० वर आली आहे आणि दोन येण्याची ३५ वर. दुसरा बर्थ आता ६० च्या खाली गेला, म्हणून तोही सहाशेला निघतो. एकाच संध्याकाळी भाडं खाली, वर आणि पुन्हा खाली जातं ते असं. मोबाइलवर दर दहा मिनिटांनी भाव बघणाऱ्याला हा निव्वळ लहरीपणा वाटतो.

आता थांबणाऱ्याच्या बाजूने पाहू. गाडी रिकामी दिसली की भाडं उतरेल, हा अंदाज अर्धाच बरोबर आहे, कारण रिकामेपण दोन तऱ्हेचं असतं.

पहिलं, उलट फेरीचं. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पुण्याहून विदर्भाकडे येणाऱ्या गाड्या खचाखच असतात आणि त्याच गाड्या पुण्याकडे जाताना रिकाम्या धावतात. पोळा, महालक्ष्म्या यांच्या आधीही कमीअधिक हेच. अशा वेळी मालकाला आज रात्री गाडी पुण्याला पोचवायचीच असते, कारण उद्याचं भरलेलं बुकिंग तिथे वाट पाहतंय. जाताना मिळेल तो रुपया नफ्याचा. गाडी रद्द होण्याची भीती जवळपास नाही आणि पूर्ण भाड्याचा गिऱ्हाईक येण्याची आशाही नाही. थांबण्यासाठी याहून चांगली वेळ नाही.

दुसरं रिकामेपण मंदीचं. पितृपक्षात, किंवा शाळा सुरू होऊन पेरण्या चालू असतात तेव्हा, दोन्ही दिशांना माणूस नसतो. भाडं इथेही उतरतं, पण मालकापुढे आणखी एक वाट असते. दोन गाड्यांत दहा-बारा, दहा-बारा प्रवासी असतील तर तो दोन्ही गाड्यांचे प्रवासी एकीत बसवतो. याला गाडी क्लब करणं म्हणतात. सीट स्वस्त होते, पण कधीकधी गाडीच राहत नाही. किंवा गाडी तुमच्या गावी न येता तुम्हाला यवतमाळला यायला सांगतात, आणि तिथवर पोचायला एसटी शोधण्यात संध्याकाळ जाते.

मंदीच्या दिवसांतला हा जुगार मांडून पाहू. आज हजारात तिकीट पक्कं होतंय. थांबलात तर दहापैकी सहा वेळा सहाशेला मिळेल, तीन वेळा हजारच पडतील आणि एकदा गाडी क्लब होऊन तुम्ही गावातच राहाल, असं धरा. दहा वेळांत वाचले सहा गुणिले चारशे, म्हणजे २४०० रुपये. त्या एका वेळेला अडकल्याचं नुकसान २४०० पेक्षा जास्त असेल तर थांबणं तोट्याचं. पुण्यात खोली आहे, सोमवारऐवजी मंगळवारी कामावर गेलं तरी साहेब काही बोलत नाही, अशा माणसाला ते नुकसान पाच-सातशेचं असेल. त्याने खुशाल थांबावं. ज्या पोराची दुसऱ्या दिवशी सकाळी एमपीएससीची परीक्षा आहे किंवा ज्या माउलीची दवाखान्यात तारीख लागली आहे, तिच्या नुकसानीला आकडाच लावता येत नाही. तिथे चारशे रुपयांसाठी थांबणं म्हणजे हातचं घालवणं. लोक नेमकं उलट करतात, हे मी बघत आलो आहे. घाई नसलेला आठ दिवस आधी बुक करतो आणि परीक्षेवाला चारच्या फोनची वाट पाहतो, कारण पैसे त्याच्याकडेच कमी असतात.

आणि जिथे गर्दी आहे तिथे या हिशोबाला जागाच नाही. दिवाळी आटोपून पुण्याला परतायच्या दिवशी पाचव्या बर्थलाही गिऱ्हाईक मिळण्याची शक्यता शंभराच्या जवळ असते. भाडं उतरायचं कारणच उरत नाही, ते फक्त चढतं. कायद्याने त्याला वेसण आहे. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे खासगी गाडीला एसटीच्या त्याच प्रकारच्या गाडीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. सणासुदीला ही वेसण किती घट्ट असते ते प्रवाशांना ठाऊक आहे.

रिकाम्या सीटा ओळखताना दोन ठिकाणी फसगत होते. अॅपवर जो तक्ता दिसतो त्यात भरलेल्या दिसणाऱ्या सगळ्या सीटा विकलेल्या नसतात. काही एजंटांच्या नावाने अडवून ठेवलेल्या असतात आणि गाडी सुटायच्या आधी मोकळ्या होतात. म्हणून दुपारी "फक्त २ सीट" दिसल्या म्हणून घाबरायचं कारण नाही. दुसरी फसगत उलटी आहे. वणीहून निघणारी गाडी यवतमाळ, दारव्हा, कारंजा असं भरत जाते. चार वाजता वणीत अर्धी गाडी रिकामी दिसते, पण ती खरी रिकामी नसते, पुढच्या गावांनी ती भरणार हे मालकाला माहीत असतं. तेव्हा वणीत बसणाऱ्याने थांबून फार काही मिळत नाही. ज्या गावानंतर गाडी प्रवासी घेत नाही, सरळ पुण्याकडे पळते, त्या शेवटच्या मोठ्या थांब्यावरची रिकामी सीट मात्र खरोखर वाया जाणार असते. भाडं उतरलं तर तिथे सगळ्यांत जास्त उतरतं. चार-पाच दिवस एकाच वेळी त्या थांब्यावरून त्याच रात्रीच्या गाडीचं भाडं नुसतं पाहून ठेवलं तरी मार्गाचा स्वभाव कळतो. पाचपैकी चार दिवस दुपारपेक्षा संध्याकाळी कमी दिसलं तर तो मार्ग थांबणाऱ्याचा आहे.

रेल्वेच्या साध्या मेल-एक्सप्रेसचं भाडं ठरलेलं असतं. तिथे थांबून फारसं स्वस्त काही होत नाही, उलट तात्काळचा जादा आकार बसतो.

हाच तर्क घेऊन लोक नागपूरच्या विमानतळाकडे पाहतात आणि ठेचकाळतात. विमान अर्धं रिकामं आहे, उद्या सुटतंय, मग भाडं का उतरत नाही? पुन्हा तोच नियम लावा. समजा आधी बुक करणाऱ्याचं भाडं ४००० आहे आणि आदल्या दिवशी येणाऱ्याचं १२,०००. चार हजार हे बारा हजाराच्या ३३ टक्के. म्हणजे बारा हजारवाला येण्याची शक्यता तीनात एकाहून जराशी जास्त असली तरी कंपनीने सीट राखून ठेवणं फायद्याचं. ट्रॅव्हल्सला ६० टक्के शक्यता लागत होती, विमानाला ३३ पुरते. आदल्या दिवशी विमानाचं तिकीट काढणारा माणूस कोण असतो? कंपनीच्या पैशाने जाणारा, कोर्टाची तारीख असलेला, घरी कोणी अत्यवस्थ असलेला. तो भाडं पाहून मागे फिरत नाही. ट्रॅव्हल्सला ऐनवेळी येणारा मात्र शेजारच्या गाडीचं भाडं विचारून येतो, आणि नाहीच जमलं तर एसटीत बसतो. शिवाय विमान कंपनीला उद्याची काळजी असते. दर वेळी शेवटी भाडं उतरवलं तर आज आधी बुक करणारे पुढच्या वेळी थांबायला शिकतील. म्हणून काही सीटा रिकाम्या उडवणं तिला परवडतं.

अमरावतीच्या बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची विमानसेवा सुरू झाली. तिथे तर थांबणं आणखी तोट्याचं. ही सेवा उडान योजनेतली आहे. या योजनेत विमानातल्या ठरावीक सीटांनाच मर्यादित भाडं असतं आणि इथे उडणारं एटीआर-७२ हे विमान सत्तरेक सीटांचं. मर्यादित भाड्याच्या सीटा आधी येणाऱ्यांना जातात. त्या संपल्या की उरलेल्या सीटा कंपनी ठरवेल त्या भावात मिळतात, विमान किती का रिकामं असेना.