वजनदार वाटणारी ओळ आणि तिला उलटवून पाहण्याची कसोटी

नेरूळ, वाशी, घोडबंदर रोड, कुठल्याही सोसायटीच्या लिफ्टशेजारी फळा असतो. शाळेत रोजचा सुविचार लिहायचा तसा आता तिथेही लिहितात, आणि हल्ली तो अनेकदा चॅटजीपीटीसारख्या मशीनकडून लिहून घेतलेला असतो. नमुन्यादाखल अशी एक ओळ घेऊ: ‘शांतता म्हणजे आवाजाचा अभाव नव्हे, तर स्वतःशी झालेली भेट आहे.’ वाचणारा क्षणभर थांबतो, मान हलवतो आणि लिफ्टमध्ये शिरतो. या ओळीनं नेमकं काय सांगितलं, असं विचारलं तर मात्र उत्तर सापडत नाही. असं का होतं, याचा शोध मशीन यायच्या बराच आधी सुरू झाला होता.

1986 मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी एका निबंधात खोटं बोलणारा आणि नुसता बोलणारा यांच्यातला फरक मांडला. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते ठाऊक असतं. ते लपवायचं म्हणून का होईना, त्याचं लक्ष सत्याकडे असतं. दुसऱ्याला आपलं म्हणणं खरं आहे की खोटं याच्याशी देणंघेणंच नसतं, ऐकणाऱ्यावर छाप पडली की त्याचं काम झालं. या दुसऱ्या प्रकाराला त्यांनी ‘बुलशिट’ म्हटलं. 2024 मध्ये ग्लासगो विद्यापीठातल्या तिघा अभ्यासकांनी हाच निकष भाषा लिहिणाऱ्या मशीनना लावला. पुढचा शब्द कोणता शोभेल याच्या अंदाजावर वाक्य उभं राहतं, ते खरं आहे का हे पाहण्यावर नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते बरंचसं पटतं. ‘अमुक म्हणजे तमुक नव्हे, तर ढमुक आहे’ ही घडण मशीनला इतकी सवयीची झाली आहे की आत काय भरलंय ते दुय्यम ठरतं.

फ्रँकफर्ट यांनी बोलणाऱ्याच्या हेतूकडे पाहिलं होतं. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जी. ए. कोहेन यांनी 2002 मध्ये लिहिलं की हेतू बाजूला ठेवा, वाक्यच तपासा. त्यांच्या मते, बोलणारा पूर्ण प्रामाणिक असूनही वाक्य पोकळ निघू शकतं. ही गोष्ट फळ्यावरच्या ओळीला तंतोतंत लागू पडते, कारण ती लिहिणाऱ्या काकूंचा हेतू चांगलाच असतो. कोहेन यांनी दिलेली कसोटी साधी आहे: वाक्यात नकार घाला किंवा असलेला काढा. तरीही ते तितकंच पटण्याजोगं वाटलं, तर त्यात दावाच नव्हता. तरुणपणी फ्रेंच मार्क्सवादी लेखनानं आपण भारावलो होतो, हेही त्यांनी सांगितलं आहे. त्याचं कारणही त्यांनी दिलं: समजायला जड अशा मजकुरातून कष्टानं काही अर्थ काढला की त्या कष्टांमुळेच तो अर्थ मोलाचा वाटू लागतो.

आता आपली ओळ उलटवू. ‘शांतता म्हणजे स्वतःशी झालेली भेट नव्हे, तर आवाजाचा अभाव आहे.’ ही जरा रोखठोक वाटते, पण फळ्यावर लिहिली तर कुणी हरकत घेणार नाही. मग शब्द बदलून पाहू. ‘प्रवास म्हणजे अंतर कापणं नव्हे, तर स्वतःशी झालेली भेट आहे.’ ‘वाट पाहणं म्हणजे वेळ घालवणं नव्हे, तर स्वतःशी झालेली भेट आहे.’ शांततेच्या जागी प्रवास आला, वाट पाहणं आलं, वजन तेवढंच राहिलं. म्हणजे ओळ शांततेबद्दल काहीच सांगत नव्हती. वजन होतं ते ‘नव्हे, तर’च्या झोक्यात आणि ‘स्वतःशी भेट’ या शब्दांत.

शेजारी ‘दुरून डोंगर साजरे’ ठेवून पाहा. उलट केलं की ‘जवळून डोंगर साजरे’ होतं, आणि हे वेगळं म्हणणं आहे, त्यावर भांडता येतं. पारसिकच्या टेकड्या लांबून पावसाळ्यात हिरव्यागार दिसतात, जवळ गेलं की खाणींनी खरवडलेला दगड दिसतो. म्हण खरी की खोटी हे तिथे जाऊन डोळ्यांनी ठरवता येतं.

पोकळ वाक्यांवर लोक किती भाळतात, हे 2015 मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाचे गॉर्डन पेनिकुक आणि सहकाऱ्यांनी मोजलं. त्यांनी संगणकाला भारदस्त शब्द देऊन व्याकरणशुद्ध पण यदृच्छेनं जुळलेली वाक्यं बनवून घेतली. त्यातलं एक मराठीत साधारण असं होईल: ‘समग्रता अनंत घटितांना शांत करते.’ प्रत्येक वाक्य किती सखोल वाटतं, याला 1 ते 5 गुण द्यायचे होते. पहिल्या प्रयोगात सरासरी 2.6 आली आणि सुमारे 27 टक्के विद्यार्थ्यांची सरासरी 3 किंवा त्याहून जास्त होती. विचार करून सोडवायच्या कोड्यांत कमी पडणारे अशा वाक्यांना जास्त गुण देत, असंही दिसलं. या कामाला 2016 चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं पारितोषिक, मिळालं. वाचकाला त्यात खराच अर्थ सापडत असेल तर, असा आक्षेपही आला. तो अगदीच फेटाळता येत नाही, पण मग तो अर्थ वाचकाच्या कष्टाचा झाला, वाक्याचा नव्हे.

यमकही असंच फसवतं. 2000 साली मॅकग्लोन आणि तोफिगबख्श या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी अनोळखी इंग्रजी म्हणी घेतल्या, त्याच अर्थाच्या पण यमक मोडलेल्या आवृत्त्या केल्या आणि प्रत्येक म्हण किती खरी वाटते ते विचारलं. यमकवाल्या जास्त खऱ्या वाटल्या. मांडणी बाजूला ठेवून फक्त म्हणण्याकडे बघा, असं आधीच बजावलं तेव्हा हा फरक ओसरला. म्हणून ओळ तपासायच्या आधी ती मुद्दाम ओबडधोबड गद्यात लिहून काढावी.

घाटातल्या फलकावरचं ‘अति घाई संकटात नेई’ असं मोडून पाहिलं तर ‘वेग फार ठेवलात तर अपघात होईल’ एवढं उरतं. यमक गेलं तरी म्हणणं शिल्लक राहिलं. पण उलटवायची कसोटी इथे अडखळते, कारण ‘शुभस्य शीघ्रम्’ हेही आपल्याला पटतं. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांनी 1949 च्या एका लेखात जुनं वचन नोंदवलं आहे: साध्या सत्याच्या उलट जे असेल ते उघड चूक असतं, गहन सत्याच्या उलट मात्र आणखी एक गहन सत्य असू शकतं. मग पोकळ आणि गहन ओळखायचं कसं? माझ्या मते, दोन्ही बाजू पटल्या की एक प्रश्न विचारायचा: कोणती बाजू केव्हा लागू? वळणाच्या रस्त्यावर पहिली, चांगलं काम सुरू करायचं टाळताना दुसरी, असं चटकन सांगता येतं. ‘स्वतःशी झालेली भेट’ केव्हा लागू आणि केव्हा नाही, हे सांगताच येत नाही.

कवितेच्या किंवा ओवीच्या ओळीला ही कसोटी लावू नये. ती दावा करत नसते. सुविचार मात्र काहीतरी सांगण्याचा आव आणतो, म्हणून त्याला जाब विचारायचा. आणि आपली ओळ दुरुस्तही करता येते: ‘घर शांत झालं की दिवसभर टाळलेले विचार वर येतात, म्हणून पुष्कळजण टीव्ही चालू ठेवतात.’ आता ‘छे, मी तर झोप लागावी म्हणून लावतो’ असं फळ्यासमोर उभं राहून कुणीही म्हणू शकतो.