लांबलचक टोकन आणि त्यामागचं घड्याळ

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या एखाद्या कारखान्याचं ऑर्डर पोर्टल डोळ्यांसमोर आणा. गावोगावचे व्यापारी त्यात लॉगिन करून माल मागवतात, उधारीचा हिशोब बघतात, बिलं उतरवून घेतात. पासवर्ड विसरला की मेलवर एक लिंक येते. तिच्या शेवटी अक्षरांची आणि अंकांची लांबच लांब माळ असते, तिला टोकन म्हणतात. ती माळ ज्याच्या हाती, त्याला नवा पासवर्ड ठेवता येतो. म्हणजे पंधरा-वीस मिनिटांपुरतं ते टोकन हाच पासवर्ड.

आता या पोर्टलच्या कोडमध्ये एक बदल तपासायला आला आहे. बदल करणाऱ्याने वर लिहिलंय: ‘सुरक्षा सुधारणा, एमडी५ काढून एसएचए-२५६ लावलं.’ खाली टोकन बनवणाऱ्या `make_token` या फंक्शनमधल्या मोजक्या चार ओळी:

```diff
- raw = party_id + str(int(time.time()))
- return hashlib.md5(raw.encode()).hexdigest()
+ raw = party_id + str(int(time.time() * 1000))
+ return hashlib.sha256(raw.encode()).hexdigest()
```

वरवर पाहिलं तर सगळं चांगल्यासाठीच आहे. एमडी५ आणि एसएचए-२५६ या हॅश काढायच्या दोन कृती, त्यातलं एमडी५ जुनं झालंय. एकाच हॅशला जुळणारे दोन वेगळे मजकूर त्यात बनवता येतात, हे २००४ मध्येच दाखवून झालं. त्याजागी भक्कम एसएचए-२५६ आलं. टोकन ३२ अक्षरांवरून ६४ अक्षरांचं झालं. वेळ सेकंदाऐवजी मिलिसेकंदात घेतली. असे बदल तपासताना ‘छान, मंजूर’ लिहून पुढे जाण्याचा मोह फार होतो, आणि नेमका इथेच थांबायला हवं.

हॅश म्हणजे काय, तर दिलेल्या मजकुराचं ठरलेल्या कृतीने केलेलं भरड पीठ. पिठावरून मूळ दाणा परत मिळत नाही हे खरं. पण तोच दाणा घालून कुणीही दळलं तर पीठ अगदी तेच येतं, आणि ते तसंच यायला हवं, नाहीतर हॅशचा उपयोगच नाही. म्हणून टोकन ओळखायला कठीण आहे का, हे हॅशच्या नावावरून ठरत नाही. आत काय घातलं त्यावरून ठरतं. इथे आत दोनच गोष्टी आहेत. पहिली `party_id`, म्हणजे व्यापाऱ्याचा ग्राहक क्रमांक. तो प्रत्येक बिलावर छापलेला असतो. दुसरी म्हणजे सर्व्हरच्या घड्याळातली वेळ. घड्याळ काही गुप्त नसतं. वेब सर्व्हर आपल्या बहुतेक उत्तरांसोबत `Date` नावाच्या ओळीत स्वतःची वेळ सेकंदापर्यंत सांगतोच.

‘सर, पण मिलिसेकंद कोण ओळखणार?’ असं बदल करणारा विचारेल, आणि प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर कागदावर मांडूनच द्यावं.

समजा, याच पोर्टलवर खातं असलेल्या कुणाला दुसऱ्या व्यापाऱ्याच्या खात्यात शिरायचंय. तो लागोपाठ तीन विनंत्या पाठवतो: आधी स्वतःचा पासवर्ड विसरल्याची, मग त्या दुसऱ्या व्यापाऱ्याच्या क्रमांकाने, मग पुन्हा स्वतःची. त्याच्या मेलवर त्याच्या स्वतःच्या दोन लिंक येतात. मधली लिंक दुसऱ्याच्या मेलवर जाते, ती त्याला दिसत नाही. आता तो लॅपटॉपवर बसून स्वतःचा ग्राहक क्रमांक घेतो, त्यापुढे त्या मिनिटातला एकेक मिलिसेकंद लावतो आणि एसएचए-२५६ काढून बघतो. मिनिटात ६०,००० मिलिसेकंद. साध्या लॅपटॉपला एवढे हॅश काढायला सेकंदसुद्धा लागत नाही. पहिलं टोकन जुळलं, समजा, ४१२व्या मिलिसेकंदाला, आणि शेवटचं त्याच सेकंदाच्या ६५५व्या मिलिसेकंदाला. मधल्या विनंतीची वेळ या दोहोंच्या मधेच असणार. म्हणजे शक्यता उरल्या साधारण २४२. सेकंदाला पाच लिंक उघडून पाहिल्या तरी पन्नास सेकंदांच्या आत बरोबर लिंक सापडते.

६४ अक्षरांच्या टोकनला कागदोपत्री जितक्या शक्यता आहेत, ती संख्या लिहायला ७८ अंक लागतात. प्रत्यक्षात उरल्या २४२. सेकंदाचा मिलिसेकंद केल्याने बदल करणाऱ्याला हजारपट फायदा झाल्यासारखा वाटला होता, तो तीन विनंत्यांच्या युक्तीने पार धुऊन निघाला. आणि एमडी५ जाऊन एसएचए-२५६ आल्याने या हल्ल्यात तसूभरही फरक पडला नाही, कारण एमडी५चा दोष इथे आडवा येतच नव्हता.

यावर दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं, ‘मजकुरात आपलं एक गुप्त वाक्य मिसळू.’ ते वाक्य खरंच गुप्त राहिलं तर हल्ला अवघड होतो, यात शंका नाही. पण ते कोडमध्ये लिहिलेलं असतं, कोड सगळ्यांच्या लॅपटॉपवर असतो, काम सोडून गेलेल्याच्याही. १८८३ मध्ये ऑगस्ट केर्कहॉफ्स याने लष्करी गुप्तलेखनासाठी नियम मांडला होता की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त असावी ती फक्त किल्ली, आणि ती बदलता यायला हवी. कोडमध्ये कायमचं रुतलेलं वाक्य बदलायला कुणी जात नाही. दुसरं उत्तर, ‘एका आयपी पत्त्यावरून पाचपेक्षा जास्त प्रयत्न झाले तर अडवू.’ ते जरूर करावं. पण हल्लेखोराकडे पत्ते अनेक असू शकतात, आणि ओळखता येणारं टोकन त्यामुळे न ओळखता येणारं होत नाही.

असा दोष आहे की नाही हे रिव्ह्यू करताना नुसत्या नजरेवर सोडू नये, त्याला चाचणी लावता येते. घड्याळ गोठवायचं आणि एकाच व्यापाऱ्यासाठी दोनदा टोकन काढायचं:

```python
with patch("time.time", return_value=1700000000.123):
    a = make_token("SLP0417")
    b = make_token("SLP0417")
assert a != b
```

वरच्या कोडवर ही चाचणी नापास होते. दोन्ही टोकनं अक्षरशः सारखी येतात. बदल करणाऱ्याला हे दाखवलं की वाद उरत नाही, त्याला लगेच पटतं. मात्र या चाचणीची मर्यादाही माहीत हवी. त्याने उद्या `random.random()` मिसळलं तर ती पास होईल, आणि कोड तरीही कच्चाच राहील. पायथनचं `random` हे मर्सेन ट्विस्टर या कृतीवर चालतं. खेळ, नमुना निवड, गणिती प्रयोग यांसाठी ती उत्तम आहे. पण तिने दिलेले ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे हाती आले की तिची आतली पूर्ण अवस्था मांडता येते आणि पुढचा प्रत्येक आकडा आधीच सांगता येतो. सुरक्षेच्या कामाला हे वापरू नका, असं पायथनच्या माहितीपत्रकातही स्पष्ट लिहिलंय. म्हणून चाचणी पास झाली तरी आकडा कुठून आला ते कोडमध्ये मागे मागे जात शोधावंच लागतं.

बरोबर बदल एका ओळीचा आहे:

```python
token = secrets.token_urlsafe(32)
```

`secrets` पायथन ३.६ पासून सोबतच येतं. ते आकडा स्वतः बनवत नाही, ऑपरेटिंग सिस्टिमकडून मागून घेतं. लिनक्सचा गाभा डिस्क, नेटवर्क वगैरे उपकरणांकडून येणाऱ्या संकेतांच्या वेळांमधला बारीक हेलकावा, प्रोसेसरमधली खास सोय, असं बरंच काही गोळा करून एका साठ्यात घोळवत राहतो आणि त्यातून हे बाइट देतो. ३२ बाइट म्हणजे २५६ बिट. ना ग्राहक क्रमांक, ना घड्याळ. टोकन ४३ अक्षरांचं येतं, म्हणजे आधीच्यापेक्षा आखूड, आणि तरी कितीतरी पक्कं.

एसएचए-२५६ला इथे एक योग्य जागा उरतेच. डेटाबेसमध्ये टोकन जसंच्या तसं न ठेवता त्याचा एसएचए-२५६ ठेवावा. म्हणजे डेटाबेसची प्रत कुणी पळवली तरी त्यातून चालणारी लिंक बनत नाही. यावर कुणी म्हणेल, मग पासवर्डही तसेच ठेवू. तिथे मात्र नाही म्हणायचं. टोकन यंत्राने काढलेलं, अंदाजापलीकडचं असतं. पासवर्ड माणसाने ठेवलेला, दुकानाचं नाव आणि पुढे १२३ असा. एसएचए-२५६ मुद्दाम वेगवान बनवलंय, म्हणून असे अंदाज भराभर तपासता येतात. पासवर्डला आर्गॉन२ किंवा बीक्रिप्टसारखी मुद्दाम संथ कृतीच हवी.

आता, हे घरगुती पोर्टलांपुरतं आहे असं समजू नये. डेबियन ही लिनक्सची नावाजलेली आवृत्ती. सप्टेंबर २००६ मध्ये तिच्या ओपनएसएसएल या संकेतन संचात दोन ओळी बंद केल्या गेल्या. कारण अगदी प्रामाणिक होतं. मेमरीतल्या चुका शोधणारं साधन त्या ओळींवर तक्रार करत होतं की इथे किंमत न भरलेली जागा वाचली जाते. दोन्ही ओळी दिसायला सारख्याच. त्यातली एक गेल्याने फारसं बिघडलं नसतं. दुसरी मात्र बाहेरून आलेला यादृच्छिक मालमसाला साठ्यात मिसळणारी ओळ होती. ती बंद झाल्यावर साठ्यात बदलतं असं एकच काही उरलं: चालू प्रोसेसचा क्रमांक. लिनक्सवर तो तेव्हा नेहमीच्या मांडणीत ३२,७६८च्या आत असायचा. म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर, एका लांबीच्या, जगात बनतील त्या सगळ्या किल्ल्या जेमतेम ३२,७६८.

हे मे २००८ मध्ये उघडकीला आलं. मधली जवळजवळ दोन वर्षं किल्ल्या बनत होत्या, जुळत होत्या, मजकूर बंद होऊन पुन्हा उघडत होता. एकही नेहमीची चाचणी नापास झाली नाही, कारण कच्ची किल्लीसुद्धा कुलूप अगदी नीट उघडते. दुरुस्त संच बसवूनही काम संपलं नाही, जुन्या किल्ल्या शोधून, बाद करून नव्या कराव्या लागल्या. त्यातही डीएसए प्रकारच्या किल्ल्यांची गत वाईट. त्या पद्धतीत प्रत्येक डिजिटल सहीसाठी एक ताजा गुप्त आकडा लागतो, आणि तो ओळखता आला की सहीवरून मूळ किल्ली काढता येते. त्यामुळे दुसरीकडे नीट बनलेली डीएसए किल्लीसुद्धा त्या काळात अशा यंत्रावर सहीला वापरली असेल तर ती बाद धरावी लागली.

आपल्या टॉवेलच्या पोर्टलवर याचा अर्थ असा की एक ओळ बदलून मर्जचं बटण दाबण्याआधी `make_token` आणखी कुठे कुठे बोलावलं जातं ते शोधायचं. पासवर्डच्या लिंकची मुदत वीस मिनिटांत संपते, ती आपोआप मरते. पण व्हॉट्सॅपवर बिल पाठवायची लिंक बहुधा त्याच फंक्शनमधून निघते, आणि तिला मुदत नसते. बिलावर ग्राहक क्रमांक आहे, तारीख आहे, कित्येकदा बिल बनल्याची वेळही छापलेली आहे. सेकंदाच्या काळातल्या जुन्या लिंका असोत की मिलिसेकंदाच्या, नवा कोड चढला तरी त्या चालूच राहतील. त्या सगळ्या बाद करणारी आणि व्यापाऱ्यांना नव्याने पाठवणारी स्क्रिप्ट याच बदलात असेल, तर मंजुरी द्यावी.